टेम्पो घ्यायचाय, पण रात्री उभा कुठे करणार?

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे सीएनजीचा जो घोळ झाला तो आठवत असेल. चेंबूरच्या आरसीएफ आवारात गेलची मुख्य वाहिनी फुटली, वडाळ्याला महानगर गॅसला मिळणारा पुरवठा तुटला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या पंपांवर रांगाच रांगा लागल्या. बातम्या सगळ्या रिक्षा-टॅक्सीच्या आल्या, कारण प्रवासी ओरडतो. मालाचा टेम्पो ओरडत नाही, तो गुपचूप उभा राहतो. त्या दोन दिवसांत मला तीन फोन आले आणि तिघांचं म्हणणं एकच होतं: "दादा, आता इलेक्ट्रिक घ्यावी का?"

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे. शोरूमवाल्यांशी बोललो, फायनान्सवाल्यांशी बोललो, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन गाड्यांवर शेजारी बसून पूर्ण दिवस फिरलो. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर "प्रदूषण कमी होतं" इथून सुरू होतं आणि "चार्जिंग स्टेशन नाहीत" इथे संपतं. ज्याला हप्ता भरायचाय त्याला या दोन्हींचा उपयोग नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब आहे, पण ज्यांच्या घरात टेम्पो आहे त्यांनी वाचा.

पहिला माणूस डोंबिवलीचा, पाण्याच्या जारवाला. नाव नको म्हणाला, त्यामुळे भाऊच म्हणतो. एमएच-०५ पासिंगचा जुना तीनचाकी टेम्पो, आता इंजिनाचं काम दर चार महिन्यांनी निघतं, बदलायलाच पाहिजे. खंबाळपाड्याकडच्या प्लँटवरून जार उचलायचे आणि मानपाडा रोड, टिळकनगर, मग ठाकुर्लीच्या पुलावरून पश्चिमेला दुकानं-ऑफिसं करायची. वीस लिटरचा भरलेला जार म्हणजे साधारण एकवीस किलो. एका फेरीला चोवीस जार, म्हणजे पाचशे किलोच्या आसपास. दिवसाला तीन फेऱ्या, सगळ्या मिळून चाळीस किलोमीटर. बस्स, एवढंच. चाळीस किलोमीटरला त्याला सकाळी सात ते दुपारी चार लागतात, कारण दर तीनशे मीटरला थांबा, जार खांद्यावर, दुसरा मजला, रिकामा जार खाली, पुन्हा स्टार्टर.

आता कागदावर बघा, इलेक्ट्रिकसाठी याच्यापेक्षा चांगलं काम शोधून सापडणार नाही. गाडी थांबली की वीज खर्च शून्य. ब्रेक मारला की थोडी वीज बॅटरीत परत जाते. जाताना वजन भरपूर, पण प्रत्येक थांब्याला वीस किलो कमी होत जातं आणि परतीला नुसते रिकामे जार. महिंद्राची ट्रिओ झोर २०२० साली आली तेव्हा तिची बॅटरी साधारण ७.४ युनिटची आणि वजन नेण्याची क्षमता साडेपाचशे किलो होती. आता तशा आणि त्याहून मोठ्या बॅटरीच्या गाड्या तीन-चार कंपन्यांच्या आहेत. कागदावर सव्वाशे किलोमीटर लिहिलेली गाडी आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये, माल भरून, पंचाहत्तर-ऐंशी देते. भाऊचं काम चाळीसचं. म्हणजे निम्मी बॅटरी उरवून तो घरी येईल.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की त्याचं काम इतकं कमी अंतराचं आहे की वाचवायला इंधनच फारसं नाही.

हिशोब आम्ही त्याच्याच टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून मांडला. सीएनजी ऐंशी रुपयांच्या आसपास धरला आणि भरलेला तीनचाकी टेम्पो शहरात किलोला पंचवीस किलोमीटर धरला. कंपनी जास्त सांगते, ड्रायव्हर कमी सांगतो, पंचवीस मधला आकडा. म्हणजे किलोमीटरला तीन रुपये वीस पैसे. पेट्रोलवर हाच खर्च साडेचारच्या पुढे जातो, त्यामुळे पेट्रोलचा विषय मी इथेच सोडतो. नवीन पेट्रोल लोडर घ्यायचं आता फारसं कारण मला दिसत नाही. इलेक्ट्रिकला मीटरच्या एका युनिटमध्ये, चार्ज करताना वाया जाणारं धरून, नऊ किलोमीटर. स्वतःचं मीटर असेल आणि युनिट नऊ रुपयांना पडलं, तर किलोमीटरला एक रुपया. फरक दोन रुपये वीस पैसे. भाऊचे महिन्याचे सव्वीस दिवस, चाळीसने गुणले तर एक हजार चाळीस किलोमीटर. वाचले बावीसशे-तेवीसशे. ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच प्लेट, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट हे सगळं नाही, त्याचे महिन्याला सातशे धरा. एकूण तीन हजार.

आता हप्ता. त्याला मिळालेली कोटेशनं मी बघितली. सीएनजी गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीन लाख, इलेक्ट्रिक चार लाख, दोन्हीला पन्नास हजार डाउन पेमेंट. सीएनजीला अडीच लाखाचं कर्ज बारा टक्क्यांनी, चार वर्षं, हप्ता सहा हजार सहाशे. इलेक्ट्रिकला साडेतीन लाखाचं कर्ज, पण सोळा टक्क्यांनी आणि फक्त तीन वर्षं. हप्ता बारा हजार तीनशे. फायनान्सवाल्याला विचारलं, असं का? तो म्हणाला, "साहेब, हप्ता थकला तर गाडी ओढून आणतो आम्ही. सीएनजी ओढून आणली तर तिला गिऱ्हाईक आहे. ही आणली तर बॅटरी किती उरलीय ते मला कळत नाही, घेणाऱ्यालाही कळत नाही." यापेक्षा स्पष्ट उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

म्हणजे हप्त्यात फरक पाच हजार सातशेचा आणि बचत तीन हजारांची. पहिली तीन वर्षं भाऊच्या खिशातून दरमहा सत्तावीसशे जास्त जाणार. चौथ्या वर्षी इलेक्ट्रिकचा हप्ता संपतो, सीएनजीचा चालू राहतो, तेव्हा पारडं फिरतं. पाच वर्षांचं सगळं मिळून धरलं तर कर्जाच्या परतफेडीत इलेक्ट्रिकचे सव्वा लाख जास्त, बचत एक लाख ऐंशी हजार. चोपन्न-पंचावन्न हजार हातात राहतात. ठीक आहे, वाईट नाही. पण यात दोन 'जर' आहेत. दोन्ही मोठे आहेत.

पहिला बॅटरीचा. तीन वर्षं किंवा ऐंशी हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी या गाड्यांना बराच काळ रूढ होती. आता काही कंपन्या पाच वर्षं देतात, ते पहिलं विचारा. भाऊ तीन वर्षांत चालवणार जेमतेम साडेसदतीस हजार किलोमीटर. म्हणजे कमी चालवणाऱ्याची वॉरंटी किलोमीटरने नाही, कॅलेंडरने मरते. अर्ध्याहून जास्त किलोमीटर वापरायचेच राहतात आणि कागद संपतो. त्यानंतर बॅटरी गेली तर लाख-सव्वा लाखाचं काम. वर उरलेले पंचावन्न हजार गेले आणि वरून तेवढेच गेले.

दुसरा 'जर' मीटरचा. वरचा सगळा हिशोब नऊ रुपये युनिटवर आहे. भाऊ चाळीत राहतो. टेम्पो रात्री रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या भिंतीला लावतो, घरापासून दीडशे मीटरवर. तिथे वायर नेणार कशी? आणि घरातून नेलीच, तर घरचं मीटर एक-दोन किलोवॅट मंजूर भाराचं आणि गाडीचा चार्जर पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीनेक किलोवॅट ओढतो. एसी नसलेल्या घरात अचानक तासन्‌तास एवढा भार आला की वायरिंग गरम होतं, ते जुन्या चाळीत खेळायचं काम नाही. शिवाय महिन्याला एकशे पंधरा युनिट घरच्या बिलात पडली की बिल वरच्या स्लॅबला सरकतं आणि तीनशेच्या वर गेलात तर युनिट पंधराच्या घरात. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर आहे, वेगळं मीटर मिळतं, पण मीटर लावायला जागा तुमची पाहिजे. रस्ता तुमचा नाही.

राहिलं सार्वजनिक चार्जिंग. तिथे युनिट वीस रुपये धरा. किलोमीटरला सव्वादोन. बचत उरली एक रुपया. पाच वर्षांचं गणित पुन्हा घातलं: बचत एक लाख चार हजार, जास्तीची परतफेड सव्वा लाख. तोटा. तीच गाडी, तोच माणूस, तेच जार. फक्त प्लग बदलला आणि फायद्याचा तोटा झाला.

आता दुसरा माणूस बघा. हा कल्याण पश्चिमेचा पोरगा, पार्सलवाला. भिवंडीच्या गोदामपट्ट्यातून माल एका छोट्या हबला येतो, तिथून हा बेतूरकर पाडा, खडकपाडा, आधारवाडी, शहाड असं वाटत फिरतो. सकाळची एक फेरी, दुपारची एक, दिवसाला पंच्याऐंशी किलोमीटर. वजन नाहीच म्हणा, नुसते खोके, गाडी आकाराने भरते, वजनाने नाही. दुपारी दीडला हबवर जेवायला येतो तेव्हा गाडी प्लगला लावतो, तासाभरात पुरेसं पोट भरतं. रात्रीही गाडी तिथेच. त्याचे महिन्याचे किलोमीटर बावीसशे. वीज-गॅसच्या फरकात वाचले चार हजार आठशे, दुरुस्तीत बाराशे, सहा हजार झाले. पहिल्या महिन्यापासून हप्त्याचा फरक निघतो. तीन वर्षांत त्याचे ऐंशी हजार किलोमीटरही जवळजवळ बरोबर भरतात, वॉरंटीचा पैसा न पैसा वसूल.

फक्त एक आहे. ती गाडी त्याची नाही. हब चालवणाऱ्या ठेकेदाराची आहे. आधी त्याचा स्वतःचा सीएनजी टेम्पो होता, तो विकला आणि आता तो महिन्याच्या पगारावर त्याच रस्त्यांवर फिरतो. "टेन्शन नाही दादा," म्हणतो. थोडं थांबून म्हणाला, "पण रविवारी लग्नाचं भाडं मारायचो ना, ते गेलं."

हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण भाऊच्या बाबतीतही तोच मार्ग समोर आला. जारच्या प्लँटचा मालक म्हणाला, "गाडी घे इलेक्ट्रिक, रात्री माझ्याकडे लाव, माझं थ्री-फेज कनेक्शन आहे, वीज पगारातून वळती करू." भाऊ म्हणाला, "पगार? मी तर जारमागे कमिशनवर आहे." मालक हसला. मग दुसरं वाक्य आलं: दुसऱ्या प्लँटचे जार उचलायचे नाहीत. ज्याचा प्लग त्याची गाडी, सरळ हिशोब आहे. सीएनजी टेम्पोवाला रांगेत तासभर शिव्या देत उभा राहतो खरा, पण पंपावरचा माणूस त्याला विचारत नाही की तू कुणाचा माल नेतोस.

रांगेचंही सांगतो, कारण इलेक्ट्रिकवाले हा मुद्दा नेहमी काढतात आणि तो खरा आहे. या टेम्पोंची टाकी सहा-सात किलोची. भाऊला दिवसाला दीड-पावणेदोन किलो लागतो, म्हणजे तीन-चार दिवसांनी भरणं आलं. संध्याकाळी "प्रेशर नाही" ही पाटी सगळ्यांच्या ओळखीची. टाकी दोनशे बारला भरायची असते, दीडशेला सोडली तर पाऊण टाकीच मिळते आणि चौथ्या दिवसाऐवजी तिसऱ्याच दिवशी पुन्हा रांग. पण भाऊ रात्री साडेअकराला जाऊन भरतो. झोप जाते, फेरी जात नाही. झोपेचा भाव मी हिशोबात धरलेला नाही, त्यानेही धरला नाही.

सरकारी बाजूला काय चाललंय तेही थोडक्यात. फेम-दोन योजनेत तीनचाकीला बॅटरीच्या युनिटमागे दहा हजार अनुदान होतं, ते मार्च २०२४ ला संपलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह आली, तिच्यात पहिल्या वर्षी पाच हजार होतं, पुढच्या वर्षी अडीच हजार झालं. आठ युनिटच्या बॅटरीवर म्हणजे आधी ऐंशी हजार, मग चाळीस, मग वीस. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-सीएनजी तीनचाकीवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा झाला. इलेक्ट्रिकचा पाच होता, पाचच राहिला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर असतील, पण भाऊच्या हातातल्या दोन कोटेशनमधली दरी त्यांनी रुंद केली.

ज्यांचं जमतंय त्यांनी घेताना काय बघायचं, तेवढं लिहितो. शोरूमच्या रिकाम्या चकरीवर जाऊ नका. तुमचा माल, तुमचा रस्ता, आणि रस्त्यात एक तरी पूल असलाच पाहिजे, पत्रीपूल किंवा कोपरचा. फुल चार्जवरून निघा, ट्रिप मीटर शून्य करा आणि वीस टक्के उरले की थांबून किलोमीटर बघा. शेवटचे पंधरा-वीस टक्के हिशोबात धरूच नका, तिथे बहुतेक गाड्या वेग आपोआप तोडतात आणि तुम्ही कल्याण-शीळ रोडवर कंटेनरच्या पुढे वीसच्या स्पीडने लाज काढत चालता. ऐंशी टक्क्यांत मिळालेला आकडा हाच तुमचा खरा आकडा. त्यातूनही पाचवा हिस्सा बाजूला ठेवा, कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅटरी तेवढी दमलेली असणार.

जुनी घेत असाल तर अजून एक खूण. माल भरून पूल चढताना टक्केवारीवर नजर ठेवा. चढावर एकदम आठ-दहा टक्के पडले आणि सपाटीला आल्यावर त्यातले पाच-सहा परत वर आले, तर पॅकमधले काही सेल कमजोर आहेत, भार आला की व्होल्टेज बसतंय. चाळीसवरून हळूहळू उतरायच्या ऐवजी गाडी धाडकन पंधरावर आली तरी तेच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट निघतो, तो छापून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

आणि वजन. आपल्याकडे पाचशे किलोच्या टेम्पोत आठशे किलो टाकतात, सगळ्यांना माहीत आहे. लादी, सिमेंट, कांद्याची पोती, कल्याणच्या मार्केट यार्डातून पहाटे निघणाऱ्या गाड्या बघा, मागची स्प्रिंग सरळ झालेली असते. सीएनजीचं इंजिन ते रडत-खडत ओढतं, क्लच जळतो, मालक शिव्या देत बदलतो. इलेक्ट्रिक गाडी सुरुवातीला उलट जोरात उचलते, म्हणून लोक फसतात. मग मे महिन्यात, दुपारी दोनला, चढावर, कंट्रोलर तापतो आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. कधी बंदच पडते. वीस मिनिटं उभी करा, पुन्हा चालू. असं तीन-चारदा झालं की ड्रायव्हर म्हणतो गाडीच भिकार. ज्याचं कामच सातशे-आठशे किलोचं आहे त्याने मोठ्या बॅटरीची, जास्त क्षमतेची गाडी बघावी नाहीतर चारचाकी छोटा हत्ती. तीनचाकी इलेक्ट्रिक त्याच्यासाठी नाही. घोडबंदरला गायमुखचा चढ रोज माल भरून करणाऱ्यांनाही मी हेच सांगेन.

आता महापालिकेकडे वळतो, कारण माझ्या मते भाऊचा प्रश्न बॅटरीचा नाही, जागेचा आहे. चार्जिंग म्हटलं की आपले अधिकारी मोठ्या फास्ट चार्जरचं टेंडर काढतात, फीत कापतात, आणि तो मोटारवाल्यांच्या सोयीच्या जागी बसतो. या तीनचाकींना तसल्या महागड्या मशीनची गरज नाही. त्यांना पंधरा अँपिअरचं साधं सॉकेट, वर पत्रा, एक मीटर आणि रात्रीचा वॉचमन एवढंच लागतं. निम्मी बॅटरी भरायला दोन तास पुरतात. टेम्पो स्टँड आहेत, मार्केट यार्डाचं आवार रात्री बरंच रिकामं असतं, पुलांखालच्या जागा आहेत, जिथे आज भंगार गाड्या उभ्या आहेत. एका स्टँडवर वीस सॉकेट, ईव्हीच्या दराने वीज, वर युनिटमागे दोन रुपये देखभालीचे घेतले तरी भाऊला किलोमीटर सव्वा रुपयात पडतो आणि प्लँटमालकाच्या दारात गाडी बांधायची वेळ येत नाही. ठाणे काय, कल्याण-डोंबिवली काय, दोन्ही महापालिकांच्या सभागृहात या विषयावर बोलायला कुणी तयार असेल तर वरचा हिशोब मी कागदावर द्यायला तयार आहे.

भाऊने गेल्या आठवड्यात सीएनजीच बुक केली. बायकोने विचारलं म्हणे, "मग एवढे दिवस दोघं फळीवर बसून काय लिहीत होतात?" हप्ता सहा हजार सहाशे, रात्री साडेअकराची रांग चालू. त्याच्या जागी मी असतो तर आजच्या घडीला तेच केलं असतं.

एक विनंती. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी या भागात ज्यांच्या इलेक्ट्रिक लोडरला तीन वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यांनी तीनच गोष्टी कळवा: गाडी कोणती, एकूण किती किलोमीटर झाले, आणि फुल चार्जपासून वीस टक्क्यांपर्यंत आज किती किलोमीटर मिळतात. नाव टाकायची गरज नाही. पंचवीस-तीस गाड्यांचे आकडे जमले की मी त्या फायनान्सवाल्याकडे घेऊन जाणार आहे.